जर्मनीचा जोडीदार व्हिसा: ए१ की थेट बी१?

जोडीदार व्हिसासाठी सहसा जर्मन भाषेची ए१ पातळी पुरते, नागरिकत्वासाठी बी१ लागते. म्हणून 'एकदाच बी१ देऊन टाकू' हा विचार सुचतो. माझ्या मते तो टाळावा, कारण दोन्ही परीक्षांत पास ठरवण्याची पद्धतच वेगळी आहे.

ग्योथे इन्स्टिट्यूटच्या ए१ परीक्षेला ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं प्रत्येकी 25 गुणांचं. एकूण 100 पैकी 60 हवेत. लेखन कच्चं राहिलं तर बोलण्यातून भरून निघतं. बी१मध्ये मात्र चारही भागांत स्वतंत्रपणे 60 टक्के लागतात. एकात अडकलात तर इतर गुण कामी येत नाहीत. दिलासा एवढाच, की राहिलेला भाग एकटा परत देता येतो. ए१ मात्र पूर्ण द्यावी लागते.

तारीख उलटी मोजा. ए१साठी 45 मिनिटांचे 80 ते 200 तास लागतात, बी१पर्यंत एकूण 350 ते 650. आठवड्याला आठ तास धरले, तर 160 तासांना 20 आठवडे. त्यापुढे सरावपत्रिकांना दोन. मग निकाल आणि प्रमाणपत्राची वाट. व्हिसाची भेट त्यानंतरची घ्या. परीक्षेची जागा मात्र आधीच पकडा, ती लवकर भरते.

ए१मध्ये गुण सहसा छोट्या पत्रात जातात. सुमारे 30 शब्दांत तीन मुद्दे विचारलेले असतात. कधी येणार, का, आणि काय हवं. दोनच लिहिले की तिसऱ्याचे गुण गेले, व्याकरण कितीही शुद्ध असो. लिहून झाल्यावर प्रत्येक मुद्द्यापुढे खूण करा.