भांडणात जोडीदार गप्प झाला, तर वीस मिनिटांची सुट्टी कशी घ्यावी

भांडुपला आमचं वन रूम किचन आहे. नवरा साडेनऊच्या सुमारास घामाघूम होऊन लोकलमधून घरी आला आणि मी दारातच म्हटलं, "मेंटेनन्स आजही भरला नाहीस? तुला घराचं काही पडलेलंच नाही." तो म्हणाला, "मी काय दिवसभर झोपा काढत होतो?" मी तोंड वाकडं करून म्हटलं, "हो ना, साहेब फार मोठे!" त्यानं मोबाईलमध्ये डोकं घातलं ते जेवतानाही वर काढलं नाही.

टीका, बचाव, तुच्छता आणि शेवटी भिंत. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांची भांडणं चित्रित करून, त्यांच्या नाडीचे ठोके मोजून हेच चार नमुने धोक्याचे म्हणून टिपले. घटस्फोटाकडे सर्वांत जास्त बोट दाखवणारी तुच्छता. तरी सुरुवात भिंतीपासून करा, कारण गप्प बसलेला माणूस बरेचदा आतून उधाणलेला असतो. ठोके मिनिटाला 100च्या वर गेले, की समोरच्याचं म्हणणं नीट शिरतच नाही. अशा वेळी "बोल ना, तोंड शिवलंय का?" म्हणून मागे लागलात, तर भिंत आणखी जाड होते.

आधी भांडण नसताना एक शब्द ठरवा. आम्ही "थांबूया" ठरवलाय. कान तापले, जबडा आवळला, तेच तेच वाक्य तिसऱ्यांदा तोंडात आलं, की ज्याला जाणवेल त्याने तो उच्चारायचा आणि परतायची वेळही सांगायची: "थांबूया, सव्वादहाला बोलू." वेळ न सांगता उठून गेलात तर तो अबोलाच. मागे राहिलेल्याला टाकून दिल्यासारखं वाटतं, हे मी सोसलंय.

मग किमान 20 मिनिटं वेगळे व्हा. शरीर निवायला तेवढा वेळ लागतोच. दुसरी खोली नसेल तर एकाने गच्चीवर किंवा खाली फेरी मारायला जावं, दुसऱ्याने घरात राहावं. या वेळात "आता गेल्यावर असं सुनावते" याची उजळणी केली, तर ठोके उतरत नाहीत. भांडी घासा, गाणी ऐका, मासिक चाळा. आईला फोन लावून गाऱ्हाणं मात्र नको.

ठरल्या वेळी परत या. अजून धडधडत असेल तर नवी वेळ सांगा, पण त्याच दिवसातली किंवा दुसऱ्या दिवसाची.

जिथे जोडीदाराची भीती वाटते, हात उगारला जातो, तिथे हा उपाय लावू नका. महिलांसाठी 181 हेल्पलाइन आहे, तातडीला 112.

त्या रात्री सव्वादहाला मी पुन्हा सुरुवात केली: "मेंटेनन्स राहिला की मला दंडाची धास्ती वाटते. आज भरशील?"

"राहिलं माझ्याकडून," तो म्हणाला आणि त्याच मोबाईलवरून पैसे भरले.