पन्नाशीनंतर या चुका टाळा: आधी सर्व्हिस मोजा, मग राजीनामा लिहा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझी सगळी नोकरी पगारपत्रकं, पीएफ आणि ईएसआयच्या कागदांत गेली. आता निवृत्त आहे, पण ओळखीपाळखीचे लोक पिशवीत कागद घालून येतातच. येतात कधी? राजीनामा देऊन झाल्यावर. तो टेबलावर ठेवण्याआधी कुणी आलेलं मला फारसं आठवत नाही.

पहिली चूक: नोकरी सुटली की पीएफसोबत पेन्शनचेही पैसे काढून घेणं

या चुकीचा मला खरोखर वीट आलाय. एका टॉवेल कारखान्यातले डाईंग मास्तर गेल्या वर्षी माझ्याकडे आले. वय ५३. म्हणाले, "अण्णा, अठरा वर्षं पीएफ कापलाय माझा. आता बास झालं. दुकान टाकतो, आणि ५८ ला पेन्शन चालू होईलच की."

पीएफच्या पोर्टलवर `Service History` उघडली, तर पेन्शनला धरलेली सर्व्हिस फक्त पाच वर्षांची. आधीच्या दोन कारखान्यांत सहा आणि सात वर्षं झाली होती. दोन्ही वेळा नोकरी सोडल्यावर एजंटाने फॉर्म १९ बरोबर १०-सी पण भरला होता. फॉर्म १९ ने पीएफ मिळतो, १०-सी ने पेन्शन खात्यातली रक्कम. ती रक्कम एकदा उचलली की तेवढी वर्षं पेन्शनच्या हिशेबातून कायमची गेली. पहिल्या वेळचे पैसे बहिणीच्या लग्नात गेले, दुसऱ्या वेळचे कशात गेले ते त्यांनाही सांगता येईना.

ईपीएस-९५ या पीएफच्या पेन्शन योजनेत मासिक पेन्शनसाठी दहा वर्षांची सर्व्हिस लागते. म्हणजे ५३ व्या वर्षी नोकरी सोडली असती, तर मास्तरांना पेन्शन शून्य. ५८ पर्यंत थांबले तर दहा वर्षं कशीबशी भरतात. पेन्शनचा हिशेब सोपा आहे: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार, जास्तीत जास्त १५,००० रुपये धरून, गुणिले सर्व्हिसची वर्षं, भागिले ७०. त्यांचे होतात १५,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे २,१४३ रुपये. आधीची तेरा वर्षं शाबूत असती तर सर्व्हिस तेवीस झाली असती, आणि वीस वर्षं पुरी केली की दोन वर्षं जादा मिळतात. सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना ६,५०० ची जुनी मर्यादा लागते. ती धरूनही रक्कम जवळपास दुप्पट झाली असती. तीही बायकोसकट जन्मभराची.

मास्तर एका बाबतीत सुदैवी ठरले. तिसऱ्या ठिकाणी लागताना त्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० च्या आतच होता. सगळे पैसे काढून घेतलेला माणूस सप्टेंबर २०१४ नंतर त्याहून जास्त पगारावर नव्याने लागला, तर त्याला पेन्शन योजनेत घेतच नाहीत. पासबुकातला पेन्शनचा रकाना मग कोराच राहतो. तुमच्या पासबुकात तिथे दरमहा १,२५० किंवा त्याहून कमी का होईना, आकडा पडतोय का, ते आजच बघा.

एक उलटा घोळही होतो. नोकरी बदलल्यावर पीएफ रीतसर ट्रान्सफर केला, की नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं आणि लोक हवालदिल होतात. घाबरू नका. त्या रकान्यातले पैसे पुढे जात नाहीत, सर्व्हिसची वर्षं जातात. बघायची ती `Service History`, आणि त्यात प्रत्येक जुन्या नोकरीची सोडल्याची तारीख आहे की नाही. ती नसेल आणि कारखाना बंद पडला असेल किंवा मालक दाद देत नसेल, तर नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर `Manage` मधल्या `Mark Exit` मधून ती स्वतः भरता येते.

आपल्याकडे नावांचा गोंधळ तर विचारू नका. तेलुगू आडनाव इंग्रजीत तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेलं, मधलं नाव कुठे आहे, कुठे नाही. आधार, पॅन आणि पीएफ हे तिन्ही पन्नाशीतच जुळवून घ्या. साताठ वर्षांनी सही करायला जुना मालक सापडेलच असं नाही.

दुसरी चूक: सगळा पीएफ एकदम धंद्यात ओतणं

एक स्टोअरकीपर होते. चोपन्नाव्या वर्षी नोकरी सोडली आणि जुळे सोलापुरात युनिफॉर्मचं दुकान टाकलं. सोलापूर युनिफॉर्मसाठी नावाजलेलं, त्यामुळे माल स्वस्तात मिळेल, हा हिशेब बरोबर होता. पण गाळ्याचं डिपॉझिट आणि फर्निचर यांतच निम्मी रक्कम संपली. जूनमध्ये गल्ला बरा जमला. मग जवळच्या एका शाळेने पँटचा रंग बदलला आणि जुन्या रंगाच्या मोठ्या मापांचे गठ्ठे माळ्यावर पडून राहिले. गाळ्याचं भाडं मात्र बाराही महिने द्यायचं होतं.

धंदा वाईट नव्हता. वर्षाचं चक्र एकदाही न बघता त्यांनी उडी घेतली, हे वाईट. माझ्याकडे येणाऱ्याला मी एकच सांगतो: पगार चालू असताना एक अख्खा हंगाम सुट्टीच्या दिवशी त्या धंद्यात दुसऱ्याच्या गाळ्यावर बस. बहुतेकांना हे आवडत नाही. त्यांना लगेच पाटी लावायची असते.

आणि त्या स्टोअरकीपरच्या हातात खरं कसब कोणतं होतं? मालाची आवक-जावक, खरेदीची बिलं, जीएसटीच्या नोंदी. ज्या छोट्या कारखान्यांना पूर्णवेळ माणूस परवडत नाही, त्यांना आठवड्यातून दोन दिवस असा माणूस हवा असतो. हे काम भांडवल मागत नाही. आता ते तेच करतात, दुकान मोडून.

बाकीच्या, थोडक्यात

पन्नाशीलाच पेन्शन सुरू करून घेऊ नका. ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांसाठी दरवर्षी ४ टक्के कमी, आणि ही कपात मरेपर्यंत राहते. पन्नासाव्या वर्षी घेतलीत तर पाव हिश्शाहून जास्त गेली. याउलट ६० पर्यंत थांबलात तर दर वर्षामागे ४ टक्के वाढते.

"मला सगळं येतं" म्हणत नवं मशीन टाळू नका. इलेक्ट्रॉनिक जकार्ड आल्यावर मागावर डिझाईनचे पत्ते लावण्यात हातखंडा असलेले जॉबर कोपऱ्यात गेले. ज्यांनी रात्रपाळीच्या पोराकडून डिझाईनची फाईल भरायला शिकून घेतली, त्यांना मालक ५८ नंतरही सोडत नाही.

ईएसआय कापला जात असेल आणि पाच वर्षं भरली असतील, तर निवृत्तीनंतर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायकोला उपचार चालू ठेवता येतात. हे कारखान्यात कुणी सांगत नाही, आणि कंटाळून वाटेत राजीनामा देणाऱ्याला ते मिळत नाही. रीतसर निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्तीचा कागद लागतो.

डाईंग मास्तरांनी राजीनामा दिला नाही. रविवारी ते एका छोट्या डायहाऊसमध्ये शेड जुळवून देतात, रोख पैसे घेतात. परवा `Service History` मध्ये सहावं वर्ष दिसायला लागल्याचा स्क्रीनशॉट त्यांनी पाठवला. खाली लिहिलं होतं, "अजून चार."