मुलांकडून बडबडगीत लिहून घेताना या चुका टाळा

‘पावसावर चार ओळी कर’ असं सांगितलं की बहुतेक मुलं पेन्सिल चावत बसतात. विषय देणं हीच पहिली चूक. विषय मिळाला की मूल ‘काय सांगायचं’ या विचारात अडकतं, आणि बडबडगीतात तर काही सांगायचंच नसतं. आधी ताल द्या. मांडीवर सारख्या अंतराने चार टाळ्या द्यायच्या आणि त्यात बसेल ते काहीही बोलायचं, अगदी ‘ढुम ढुम ढिम्मा’सुद्धा. टाळ्या अंगात मुरल्या की शब्द आपोआप यायला लागतात.

सगळ्या ओळी ‘-तो’वर संपतात

ही तक्रार जवळपास प्रत्येक घरात ऐकू येते. ‘बोका दूध पितो, बोका घरी जातो, बोका उडी मारतो.’ मुलाला वाटतं यमक जमलं, पण कानाला कंटाळा येतो. यात दोष मुलाचा नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि त्याचे प्रत्यय सारखे असतात, त्यामुळे हे यमक फुकटात मिळतं. ‘वेगळं यमक शोध’ म्हणून उपयोग नाही. वाक्य उलटं करायला सांगा: क्रियापद आत, नाम शेवटी. ‘दूध पितो बोका.’

आता ‘बोका’ला जोड हवी. इथे मुलं ‘टाका’, ‘चुका’ म्हणतील, कारण शेवटी ‘का’ आहेच. नुसतं शेवटचं अक्षर जुळून भागत नाही, त्याच्या आधीचा स्वरही जुळायला हवा. हा नियम शिकवत बसू नका. ‘बोका-टाका’ आणि ‘बोका-खोका’ दोन्ही मोठ्याने म्हणायला लावा, कोणतं गोड लागतं ते मूलच सांगेल. झोका, ठोका, खोका अशी यादी आधी पाटीवर काढा, ओळी नंतर. मग असं काहीतरी तयार होतं:

दूध पितो बोका,
अंगणात झोका,
झोक्यावरती खोका,
खोक्यात दुसरा बोका!

शेवटच्या ओळीला काही अर्थ आहे का? नाही. पण मूल हसतं ते तिथेच.

अक्षरं मोजू नका

मोठ्यांचा हात लगेच बोटं मोजायला जातो. वरच्या पहिल्या ओळीत सहा अक्षरं आहेत, चौथीत आठ, तरी दोन्ही चार टाळ्यांत बसतात: दूध / पितो / बो / का आणि खोक्यात / दुसरा / बो / का. ‘खोक्यात’ एका टाळीत घाईने उरकतो, ‘बो’ मात्र पूर्ण टाळीभर लांबवतो. मूल ‘अंगणामध्ये टांगलेला झोका’ असं म्हणालं तर ‘लांब झालं’ म्हणू नका. टाळ्या द्या. दोन टाळ्या जास्त लागतात हे त्याला हाताने कळेल आणि ‘टांगलेला’ ते स्वतःच काढून टाकेल.

‘असा शब्द नसतो’

हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. ‘अडगुलं मडगुलं, सोन्याचं कडगुलं’ पिढ्यान्‌पिढ्या म्हणतोय, त्यातल्या ‘मडगुलं’चा अर्थ कोणी विचारला नाही. तरी त्याला मराठीचं वळण आहे. ते ‘कडगुलं’सारखंच नपुंसकलिंगी वाटतं. शब्द खोटा असला तरी व्याकरण खरं लागतं, आणि खेळाची खरी मजा इथेच आहे.

समजा मुलाने ‘भुंगरट’ असा शब्द काढला. अर्थ विचारू नका, ‘तो भुंगरट की ती भुंगरट?’ असं विचारा. उत्तर बहुधा क्षणात येतं. ‘तो’ म्हणालं तर पुढे: एक भुंगरट, भुंगरटाला काय आवडतं, भुंगरटाच्या घरी कोण असतं? इतकं झालं की त्या प्राण्याला स्वभाव येतो आणि ओळी सुचायला लागतात. मुळात शब्दच सुचत नसेल तर ‘चहाबिहा’, ‘पुस्तकबिस्तक’मधला ‘बि’ काढून दुसरं अक्षर घालायला सांगा: चहाटिहा, पुस्तकझिस्तक. शू-शीचे शब्द येणारच, दोन-चार होऊ द्यायचे. दटावलं की दिवसभर तेच चालतं.

वही लवकर काढली

लिहिण्याचा वेग तालापेक्षा कमी असतो, म्हणून वही उघडली की ताल मरतो. ओळी तोंडात पक्क्या होईपर्यंत थांबा. लहान मुलांनी सांगावं, आपण उतरवून घ्यावं. मोठ्या मुलांनी स्वतः लिहावं. ऱ्हस्व-दीर्घ त्या दिवशी दुरुस्त करायचं नाही, आणि ‘भुंगरट’चं शुद्धलेखन तर ज्याचा शब्द त्यानेच ठरवायचं.

लिहून झालं की कागद दुसऱ्या मुलाला द्या, ज्याने ते गाणं ऐकलेलं नाही. ते टाळ्या देत वाचताना जिथे अडखळेल, त्या शब्दाखाली रेघ मारा. बदलायचा तो तेवढाच शब्द.