वकील, पण वकिलांनी

परवा एका याचिकेचा मसुदा तपासताना पहिल्याच पानावर ‘वकिल’ दिसलं. मी ‘शोधा-बदला’ वापरून सगळीकडे ‘वकील’ केलं आणि तिथेच फसलो: बरोबर असलेलं ‘वकिलांनी’ही ‘वकीलांनी’ झालं!

नियम असा, की संस्कृतातून जसेच्या तसे न आलेल्या अकारान्त शब्दात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला इ-उ सहसा दीर्घ असतो: वकील, जामीन, अपील, खून. प्रत्ययापूर्वी सामान्यरूप झालं की तो ऱ्हस्व होतो: वकिलाने, जामिनावर, अपिलात, खुनाचा. मसुद्यात ‘जामीनावर’ आणि ‘अपीलात’ होतं, ते दुरुस्त केलं. ‘वकीलपत्र’ मात्र तसंच ठेवलं, कारण तिथे सामान्यरूप नाही, समास आहे.

मग त्याच ओघात ‘न्यायाधीशांनी’चं ‘न्यायाधिशांनी’ करायला निघालो होतो. थांबलो, कारण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द सामान्यरूपातही आपला दीर्घ सोडत नाहीत.

आता एकगठ्ठा बदल करत नाही. ‘वकि’, ‘वकी’, ‘जामि’, ‘जामी’ असे तुकडे शोधतो आणि पुढे प्रत्यय आहे का, हे प्रत्येक ठिकाणी बघतो. त्या मसुद्याला यात बराच वेळ गेला, पण प्रतिज्ञापत्रावर सही होण्याआधी सगळं जागेवर आलं.