पॉयरो वाचताना या चुका टाळा

इंदूरच्या खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून माझ्या भाचीने अगाथा ख्रिस्तीच्या पॉयरो या गुप्तहेराची सहा पुस्तकं उचलली आणि वरच्यापासून वाचायला सुरुवात केली. वरती नेमकं ‘डम्ब विटनेस’ होतं. आठवड्याभराने फोन आला, "मावशी, ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’मधला खुनी मला आधीच माहीत होता, सगळी मजा गेली!"

पॉयरोच्या 33 कादंबऱ्या क्रमानेच वाचाव्यात असं काही नाही. बहुतेक कथा स्वतंत्र आहेत, मधलं पुस्तक उचललं तरी काही अडत नाही. पॉयरोचा मित्र हेस्टिंग्ज कधी असतो, कधी अर्जेंटिनाला गेलेला असतो, एवढंच. पण काही ठिकाणी ख्रिस्तीबाई स्वतःच जुनी गुपितं फोडतात. ‘डम्ब विटनेस’मध्ये (1937) पॉयरो गप्पांच्या ओघात चार जुन्या खुन्यांची नावं घेऊन मोकळा होतो. म्हणून त्याआधी ‘स्टाइल्स’ (1920), ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’ (1926), ‘ब्लू ट्रेन’ (1928) आणि ‘डेथ इन द क्लाउड्स’ (1935) ही चार संपवा. ‘कार्ड्स ऑन द टेबल’ (1936) तसंच. त्यात ‘ओरिएंट एक्सप्रेस’च्या (1934) उत्तराकडे सरळ बोट दाखवलं आहे, आणि ते एका वाक्यात, त्यामुळे डोळे मिटायलाही वेळ मिळत नाही.

मग भाचीने क्रम लावायचा ठरवला, तर नवीनच घोळ. तिने पुस्तकांच्या आतली छपाईची वर्षं बघितली आणि 1978 ची प्रत सगळ्यांत शेवटी ठेवली. ते पुनर्मुद्रणाचं वर्ष. आतल्या पानावर पहिल्या प्रकाशनाचं वर्ष बहुतेक वेळा वेगळं दिलेलं असतं, किंवा कॉपीराइटचं सर्वांत जुनं वर्ष तरी असतं. क्रमासाठी तेच धरायचं.

त्यातच तिला ‘डेथ इन द एअर’ मिळालं आणि ती खूश झाली, सातवं पुस्तक म्हणून. पंधरा पानांत कळलं की हे ‘डेथ इन द क्लाउड्स’च आहे! अमेरिकेत काही पुस्तकांची नावं बदलून छापली गेली. ‘लॉर्ड एजवेअर डाइज’ तिकडे ‘थर्टीन अ‍ॅट डिनर’ झालं, आणि ‘डम्ब विटनेस’ चक्क ‘पॉयरो लूजेस अ क्लायंट’. जुन्या बाजारात दोन्ही आवृत्त्या एकाच ढिगात सापडू शकतात, म्हणून पैसे देण्याआधी पहिलं पान वाचून बघावं. पात्रांची नावं ओळखीची वाटली तर पुस्तक परत ठेवा.

‘कर्टन’ मात्र कुणी कितीही सांगितलं तरी मध्ये वाचायचं नाही. बाईंनी ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवलं होतं, छापलं 1975 मध्ये. ‘स्टाइल्स’चंच घर त्यात परत येतं आणि पॉयरोचा शेवटही तिथेच होतो. भाचीची ती प्रत मी सध्या माझ्या कपाटात ठेवली आहे.