व्याख्या झाकून निबंध वाचा

समाजशास्त्राचा निबंध तपासताना व्याख्येची वाक्यं पेन्सिलने कंसात टाका आणि उरलेलंच वाचा. समाजशास्त्रज्ञ मर्टनच्या 'अप्रकट कार्या'वर, म्हणजे लोकांच्या मनात नसलेल्या आणि त्यांच्या लक्षातही न येणाऱ्या परिणामांवर, दोन परिच्छेद लिहून पोरं शेवटी 'उदा. सातपुड्यातला भोंगऱ्या बाजार' एवढंच चिकटवतात. तिथे 'अप्रकट कार्य' खोडून 'सामाजिक नियंत्रण' लिहून बघा. वाक्य तसंच चालत असेल, तर संकल्पना लागूच झालेली नाही. खरी लागू केली असेल तर लोक होळीच्या खरेदीला येतात, पण त्या निमित्ताने पांगलेल्या पाड्यांमधली नाती टिकतात, हे दिसतं. एखादी मुलगी निबंधात विचारते, 'आम्ही भेटीगाठींसाठीच येतो असं लोक स्वतःच सांगतात, मग हे अप्रकट कसं?' असा प्रश्न संकल्पना खरंच लावून बघितल्यावरच पडतो, म्हणून तिथे व्याख्येतला एखादा शब्द चुकला तरी मी गुण कापत नाही.