ट्रंकेत सापडलेली जुनी एफडीची पावती: पैसे कसे मिळवायचे?

समजा, निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंना जुन्या लोखंडी ट्रंकेत, साडीच्या घडीत एक पिवळी पडलेली पावती सापडली. युनायटेड वेस्टर्न बँक, जून 2004, दहा हजार रुपये, 5 वर्षे, व्याज 6 टक्के. ही बँक आता नाही, पण ठेव बुडालेली नाही.

आधी बँकेचा वारस शोधा. युनायटेड वेस्टर्न 2006 मध्ये आयडीबीआय बँकेत विलीन झाली. सांगली बँक 2007 मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली, देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदामध्ये. पावती पतसंस्थेची असेल तर मात्र पुढची वाट लागू नाही. तिथे सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात चौकशी करावी लागते.

मग udgam.rbi.org.in वर नोंदणी करून नाव, बँक आणि पॅन किंवा जन्मतारीख टाका. नाव वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाहा: माहेरचं, सासरचं, नुसती आद्याक्षरं. तिथे काही दिसलं नाही म्हणून ठेव नाही असं समजू नका. सगळ्या बँका तिथे नाहीत, आणि जुन्या नोंदीत अनेकदा पॅन नसतो.

खरं काम शाखेतच होतं. पावतीच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, आधार, पॅन, फोटो आणि सध्याच्या खात्याचं पासबुक घेऊन लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पावतीच्या मागे घरीच सही करून ठेवू नका. ती सही म्हणजे रक्कम मिळाल्याची कबुली, म्हणून ती अधिकाऱ्यासमोरच करायची. पावतीवर माहेरचं नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो. अर्ज सगळ्यात जास्त इथेच अडतात.

आता रक्कम. तिमाही चक्रवाढीने बाईंच्या ठेवीचे 2009 मध्ये सुमारे 13,469 रुपये झाले. लोकांना वाटतं, पुढेही 6 टक्के मिळत राहिले असतील. आपोआप नूतनीकरणाची सूचना नसेल तर तसं होत नाही. मुदत संपल्यावर बचत खात्याचा दर लागतो. दहा वर्षं दावा न झाल्यास रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. तिथे मे 2021 पासून 3 टक्के सरळ व्याज आहे, म्हणजे 13,469 वर वर्षाला जेमतेम 404 रुपये. पैसे निधीत गेले तरी दावा बँकेकडेच करायचा; बँक तुम्हाला देते आणि निधीकडून वसूल करते.

‘ही ठेव पूर्वीच मोडली आहे’ असं उत्तर आलं तर पैसे कुठल्या तारखेला आणि कोणत्या खात्यात दिले, ते लेखी मागा. मूळ पावती तुमच्या हातात असताना पैसे दिले कसे, हा प्रश्न अर्जातच विचारा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार विनामूल्य करता येते. तिथे ती पोच जोडायची असते.